तेरा शनिवारांचा हिशेब

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची दहा कर्ज विभागात. त्या दहा वर्षांत काउंटरच्या पलीकडून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की ते आता झोपेतही ऐकू येतं : "साहेब, धंदा नफ्यात आहे, पण हातात पैसा नाही." पहिली काही वर्षं मला वाटायचं, समोरचा माणूस काहीतरी लपवतो आहे. पुढे कळलं की बहुतेक वेळा तो खरं बोलत असतो. नफा मोजण्याची वही त्याच्याकडे असते. पैसा कधी येईल आणि कधी जाईल, याची वही नसते. आज मी त्या दुसऱ्या वहीबद्दल बोलणार आहे. ती कशी घालायची, हे एका खऱ्या उदाहरणावरून सांगतो.

उदाहरण आपल्या बेळगावचंच आहे. उद्यमबागेत माझ्या एका स्नेह्याच्या मुलाचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं, त्यावर मशीनिंग करायचं आणि पार्ट तयार करून पाठवायचा, असं काम. नऊ कामगार आहेत. हिशेब त्याची पत्नी बघते आणि चोख बघते. त्याचं नाव सांगत नाही, पण गोष्ट त्याच्या परवानगीने सांगतो आहे. आकडे त्याच्याच वहीतले, फक्त सोयीसाठी गोळा केलेले आहेत.

२०२२च्या दिवाळीत या मुलाच्या मशीनच्या कर्जाचा हप्ता बाऊन्स झाला. कामगारांना बोनस पाडव्याच्या नंतर मिळाला. त्याचा सगळ्यात जुना कामगार काही बोलला नाही, पण त्या दिवाळीला त्याने घरचा फराळ आणून दिला नाही. "काका, दंड लागला त्याचं वाईट वाटलं नाही, पण तो फराळ मनाला लागला," असं तो मला म्हणाला. त्या वर्षीही धंदा नफ्यातच होता.

पुढच्या वर्षी, २०२३ साली, अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला होती. विसर्जन झालं आणि ३० तारखेच्या शनिवारी आम्ही तिघं त्याच्या शेडमध्ये वही घेऊन बसलो. ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर या तिमाहीचा अंदाज मांडायचा होता. त्याच आठवड्यात पुण्याकडच्या मोठ्या कंपनीने त्याला नेहमीपेक्षा चार लाखांचं जादा काम दिलं होतं. मुलगा खुशीत होता.

आधी आजची शिल्लक

सुरुवातीलाच एक छोटी चूक होत होती. पासबुकात ६ लाख ९५ हजार दिसत होते आणि तो तोच आकडा धरून पुढे निघाला. मी त्याच्या पत्नीला विचारलं, दिलेले पण अजून न वटलेले चेक किती आहेत? दोन होते, मिळून ४५ हजारांचे. म्हणजे खरी शिल्लक ६ लाख ५० हजार. पासबुक हे बँकेला आजपर्यंत काय कळलं ते सांगतं. तुम्ही काय देऊन बसला आहात हे ते सांगत नाही. अंदाजाची पहिली ओळ चुकली तर पुढच्या सगळ्या ओळी तेवढ्याच चुकतात.

येणी : बिलावरची मुदत आणि गिऱ्हाइकाची सवय

त्याची गिऱ्हाइकं तीन प्रकारची. पुण्याकडच्या कंपनीचं महिन्याला ६ लाखांचं काम, जीएसटी धरून ७ लाख ८ हजार. कोल्हापूरच्या एका कारखान्याचं अडीच लाखांचं, करासह २ लाख ९५ हजार. बाकी उद्यमबागेतली किरकोळ कामं, ज्यातून आठवड्याला साधारण ४० हजार येतात.

पुण्याच्या बिलावर ४५ दिवसांची मुदत छापलेली होती. म्हणून तो ऑक्टोबरच्या बिलांचे पैसे नोव्हेंबरअखेर धरत होता. मी म्हटलं, मुदत बाजूला ठेव, मागच्या सहा बिलांच्या पैसे आल्याच्या तारखा काढ. त्याच्या पत्नीने काढल्या. सहाच्या सहा वेळा पैसे ६५ ते ७२ दिवसांनी आले होते. कंपनी वाईट नव्हती, तिची पद्धतच तशी होती. तिथे दिवस बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत. माल तपासून आत घेतल्याची नोंद होते तेव्हापासून मोजतात. आणि पैसे महिन्यातून एकदाच, २५ तारखेला सोडतात. एखादं बिल ४५ दिवस पूर्ण होऊन २७ तारखेला देय झालं, तर ते पुढच्या २५ तारखेपर्यंत थांबतं. म्हणून ऑगस्टच्या बिलांचे पैसे ऑक्टोबरात येतात, सप्टेंबरचे नोव्हेंबरात आणि ऑक्टोबरचे डिसेंबरात.

यातून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या तिमाहीत त्या कंपनीकडून जो पैसा येणार, तो सगळा ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या बिलांचा. नोव्हेंबरात कितीही काम केलं तरी त्याचा एक रुपयाही डिसेंबरअखेर येणार नाही. म्हणजे येण्याचा मोठा भाग आधीच ठरलेला असतो, आणि आपल्याला फक्त त्याची तारीख नीट लावायची असते. हातात नुसती ऑर्डर आहे, अजून माल गेलेला नाही, असं काम अशा गिऱ्हाइकाच्या बाबतीत तिमाहीच्या येण्यांत धरूच नये.

मग आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. २५ ऑक्टोबर बुधवार, म्हणजे अडचण नाही. २५ नोव्हेंबर मात्र चौथा शनिवार, २६ला रविवार आणि २७ला गुरुनानक जयंतीची सुट्टी. म्हणून तो पैसा २८ तारखेला धरला. २५ डिसेंबरला नाताळ, म्हणून २६ धरली. कोल्हापूरचे पैसे दर महिन्याच्या १२ तारखेच्या आसपास येतात. पण त्या वर्षी १२ नोव्हेंबरला नेमकं लक्ष्मीपूजन होतं. भाऊबीज झाल्याशिवाय तिथलं ऑफिस नीट सुरू होणार नाही, म्हणून ते पैसे २० नोव्हेंबरला धरले.

देणी : तारखेसह

देण्यांत दोन जाती असतात. काही देण्यांची तारीख हलत नाही : कर्जाचा हप्ता, पगार, वीजबिल, कर. काही देणी बोलून हलवता येतात, जसं कास्टिंगवाल्याचं. अंदाज मांडताना या दोन्ही वेगळ्या खुणेने लिहाव्यात. पुढे अडचण आली की कुठे हात घालायचा ते त्यामुळे लगेच दिसतं.

त्याची महिन्याची देणी अशी. घरखर्चाला १ तारखेला ६० हजार. मशीनच्या कर्जाचा हप्ता ५ तारखेला ६४ हजार. पाच वर्षांसाठी १० टक्के व्याजाने घेतलेलं ३० लाखांचं कर्ज. पगार ७ तारखेला १ लाख ८० हजार. कास्टिंगचे १० तारखेला ४ लाख ७२ हजार. वीज १५ तारखेला ५० हजार. जीएसटी २० तारखेला सुमारे १ लाख. तेल, टूल, टेम्पो वगैरे किरकोळ खर्च आठवड्याला २० हजार.

याशिवाय तिमाहीत एकदाच येणारी देणी असतात आणि दरमहाच्या यादीत ती विसरली जातात. इथे दोन होती. दिवाळीचा बोनस, म्हणजे एक पगार, १ लाख ८० हजार. आणि १५ डिसेंबरला आगाऊ आयकर, ६० हजार. त्या तारखेपर्यंत वर्षाच्या कराचा ७५ टक्के भरणा व्हावा लागतो.

आता कर्जाच्या हप्त्याबद्दल दोन शब्द. नफातोट्याच्या पत्रकात हप्त्यातलं फक्त व्याज खर्च म्हणून दिसतं. मुद्दल दिसत नाही, कारण ते खर्च नसून कर्जफेड असते. पण खात्यातून जातात ते पूर्ण ६४ हजार. नुसतं नफ्याचं पत्रक बघणाऱ्याला महिन्याचे हे चाळीसेक हजार कुठे जातात ते कळतच नाही.

नफ्याची ऑर्डर

आता ते जादा काम बघू. चार लाखांचं काम, त्याचं कास्टिंग १ लाख ८० हजारांचं. बाकी खर्च वजा जाता नफा चांगला दिसत होता. आम्ही ते तारखांवर मांडलं. कास्टिंगचे करासह २ लाख १२ हजार १० नोव्हेंबरला जाणार. बिल ऑक्टोबरात फाडलं, म्हणून त्यावरचा जीएसटी २० नोव्हेंबरला भरायचा. ७२ हजार कर, त्यातून कास्टिंगवरचे ३२ हजार वजा करून ४० हजार. सरकार बिलाची तारीख बघतं. गिऱ्हाइकाने पैसे दिले की नाही हे त्या हिशेबात येत नाही. आणि या कामाचे पूर्ण ४ लाख ७२ हजार येणार २६ डिसेंबरला. म्हणजे अडीच लाखांहून जास्त रक्कम दिवाळीच्या तोंडावर आपण गिऱ्हाइकासाठी गुंतवून बसणार. ऑर्डर नफ्याची होती यात शंका नाही, पण दिवाळीच्या आठवड्यात ती खात्यावर ओझं होणार होती.

महिन्याचा आकडा आणि आठवड्याचा आकडा

हे सगळं त्याने आधी महिन्याच्या हिशेबाने जमवलं. ऑक्टोबरअखेर शिल्लक सुमारे ८ लाख, नोव्हेंबरअखेर सुमारे ५ लाख, डिसेंबरअखेर ११ लाख. तिन्ही महिने अधिक. "बघा काका, काळजीचं कारण नाही," असं म्हणून त्याने वही मिटली.

मी ती पुन्हा उघडायला लावली. तिमाहीत तेरा आठवडे असतात. त्या वर्षी १ ऑक्टोबर रविवारी आला होता, त्यामुळे रविवार ते शनिवार असे तेरा आठवडे बरोबर बसले. आम्ही प्रत्येक शनिवारची शिल्लक काढली. ती अशी (आकडे लाख रुपयांत) :

| आठवडा | येणे | देणे | शनिवारची शिल्लक |
|---|---|---|---|
| १–७ ऑक्टो. | ०.४० | ३.२४ | ३.६६ |
| ८–१४ ऑक्टो. | ३.३५ | ४.९२ | २.०९ |
| १५–२१ ऑक्टो. | ०.४० | १.७० | ०.७९ |
| २२–२८ ऑक्टो. | ७.४८ | ०.२० | ८.०७ |
| २९ ऑक्टो.–४ नोव्हें. | ०.४० | ०.८० | ७.६७ |
| ५–११ नोव्हें. | ०.४० | ११.२८ | उणे ३.२१ |
| १२–१८ नोव्हें. | – | ०.५० | उणे ३.७१ |
| १९–२५ नोव्हें. | ३.३५ | १.६० | उणे १.९६ |
| २६ नोव्हें.–२ डिसें. | ७.४८ | ०.८० | ४.७२ |
| ३–९ डिसें. | ०.४० | २.६४ | २.४८ |
| १०–१६ डिसें. | ३.३५ | ६.०२ | उणे ०.१९ |
| १७–२३ डिसें. | ०.४० | १.२० | उणे ०.९९ |
| २४–३० डिसें. | १२.२० | ०.२० | ११.०१ |

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा बघा. हप्ता, पगार, बोनस, नेहमीचं कास्टिंग आणि जादा कास्टिंग, सगळं एकाच आठवड्यात. त्याच्या पुढच्या आठवड्यात दिवाळीमुळे येणं शून्य. खड्डा ३ लाख ७१ हजारांचा, आणि तो तीन आठवडे टिकणारा. महिन्याच्या दोन्ही टोकांना पैसा असल्यामुळे महिन्याच्या हिशेबात हा खड्डा झाकला गेला होता. डिसेंबरातही जवळपास लाखाचा दुसरा खड्डा होता. मुलगा बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, मागच्या दिवाळीला हेच झालं होतं."

शेडमध्ये कुणी काही बोललं नाही. पण एक गोष्ट वेगळी होती. मागच्या वर्षी हे कळलं ते हप्ता परतला त्या दिवशी. या वर्षी ते सहा आठवडे आधी कळलं होतं.

सहा आठवड्यांत काय करता येतं

हलवता येण्याजोगं सगळ्यात मोठं देणं जादा कास्टिंगचं होतं, २ लाख १२ हजारांचं. दुसऱ्याच दिवशी तो फाउंड्रीवाल्याकडे गेला. नेहमीचे पैसे १० तारखेलाच देतो, फक्त या जादा मालाचे २९ नोव्हेंबरला देतो, असं त्याने सांगितलं. फाउंड्रीवाला कबूल झाला. ऑर्डर देतानाच तारीख सांगणं आणि तारीख उलटल्यावर कारण सांगणं, यात समोरच्याला मोठा फरक वाटतो. इथे एक मर्यादा पाळावी लागते. फाउंड्रीही लघुउद्योगच आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असा २००६चा कायदा आहे. माल २० ऑक्टोबरला येणार होता. तिथून २९ नोव्हेंबर म्हणजे ४० दिवस. म्हणून ती तारीख निवडली आणि पर्चेस ऑर्डरवर तशी लिहून घेतली. आपल्याला उशिरा पैसे मिळतात म्हणून दुसऱ्या छोट्या माणसाला अमर्याद थांबवायचं, हे बरोबर नाही आणि कायद्यातही बसत नाही.

दुसरं, कोल्हापूर. तिथल्या मालकांना त्याने ऑक्टोबरातच फोन केला आणि दिवाळीपूर्वी पैसे सोडण्याची विनंती केली. त्यांनी दीड लाख ८ नोव्हेंबरपर्यंत द्यायचं कबूल केलं, बाकीचे १ लाख ४५ हजार दिवाळीनंतर.

हे दोन बदल घालून आम्ही शनिवार पुन्हा काढले. ११ नोव्हेंबरची शिल्लक ४१ हजार, १८ची उणे ९ हजार, २५ची १६ हजार. खड्डा जवळजवळ भरला.

इथे बहुतेक जण थांबतात. आम्ही एक प्रश्न आणखी विचारला : सगळ्यात मोठं गिऱ्हाईक दोन आठवडे चुकलं तर? म्हणजे पुण्याचे ७ लाख ८ हजार २८ नोव्हेंबरऐवजी १२ डिसेंबरला आले तर? बाकी सगळं तसंच ठेवून मांडलं, तेव्हा २ डिसेंबरची शिल्लक उणे २ लाख ३६ हजार आली आणि ९ डिसेंबरची उणे ४ लाख ६० हजार. एका गिऱ्हाइकाचा एक उशीर आणि पुन्हा मागची दिवाळी.

म्हणून बँकेकडे किती मर्यादा मागायची, ते या दुसऱ्या आकड्यावरून ठरवलं. पहिल्या अंदाजावरून मागितली असती तर लाखभर पुरेशी वाटली असती. आम्ही ५ लाखांच्या कॅश क्रेडिटचा अर्ज केला, आणि तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच केला. कागदपत्रं, तारण, मंजुरी याला तीन-चार आठवडे सहज जातात. मी स्वतः खुर्चीच्या त्या बाजूला बसलेलो आहे, म्हणून सांगतो. घाबरून दिवाळीच्या आदल्या दिवशी आलेल्या माणसाला अधिकारी इच्छा असूनही काही देऊ शकत नाही. तेरा आठवड्यांचा कागद घेऊन सहा आठवडे आधी येणाऱ्या माणसाशी बोलणं सोपं असतं, कारण पैसा कशाला हवा आणि कुठल्या तारखेला परत येणार, हे त्या कागदावरच लिहिलेलं असतं.

कॅश क्रेडिटबद्दल एक सावधगिरी. मंजूर मर्यादा पाच लाख म्हणजे पाच लाख कधीही काढता येतात असं नाही. दरमहा स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं आणि बँक त्यावरून ड्रॉइंग पॉवर काढते. साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँक त्यातून वगळते आणि उरलेल्यातून मार्जिन कापते. म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे फारच लांबवले, तर नेमकी गरज असते तेव्हाच ही मर्यादा आकसते. म्हणून अंदाजाच्या कागदावर प्रत्येक येण्याचं वयही लिहावं.

दर शनिवारी वीस मिनिटं

अंदाज एकदा करून फाइलला लावला तर त्याचा उपयोग नाही. त्याची पत्नी दर शनिवारी संध्याकाळी पासबुक आणि अंदाज शेजारी ठेवायची. फरक दिसला की ती एकच प्रश्न विचारायची : हा फरक तारखेचा आहे की रकमेचा?

तिसऱ्या आठवड्यात किरकोळ येणं ४०ऐवजी २५ हजारच आलं. चौकशी केल्यावर कळलं, शेजारच्या एका शेडवाल्याचा चेक सोमवारी येणार होता. हा तारखेचा फरक, तो पुढच्या आठवड्यात आपोआप भरून निघाला. त्याच आठवड्यात वीजबिल ५० हजारांऐवजी ५६ हजार आलं. मशीन रात्रीही चालत होती. हा रकमेचा फरक, आणि ऑक्टोबरात रात्रपाळी चालूच राहणार होती, म्हणून तिने नोव्हेंबरच्या रकान्यातही ५६ केले. तारखेचा फरक पुढे सरकवायचा आणि रकमेचा फरक पुढच्या सगळ्या आठवड्यांत दुरुस्त करायचा. हे दोन्ही एकत्र करून "सहा-सात हजारांचं काय मोठं" म्हणून सोडून दिलं, की दोन महिन्यांत अंदाज आणि खातं यांची गाठ पडत नाही.

आठवडा संपला की ती एक ओळ खोडायची आणि शेवटी नवी ओळ जोडायची, म्हणजे समोर नेहमी तेरा आठवडे राहायचे. पहिल्या चार-पाच ओळींवर बराच भरवसा ठेवता येतो, कारण त्यातली बिलं आणि देणी हातात असतात. शेवटच्या ओळी अंदाजाच्याच. त्या जवळ येत जातील तशा पक्क्या होत जातात.

शेवटी काय झालं

फाउंड्रीवाल्याने शब्द पाळला, कोल्हापूरकरांनीही पाळला. ६ नोव्हेंबरला कॅश क्रेडिट मंजूर झालं. हप्ता वेळेवर गेला, आणि पगार व बोनस लक्ष्मीपूजनाच्या आधी झाले.

पुण्याचा पैसा मात्र २८ नोव्हेंबरला आला नाही. तिथे कुणाची तरी सही राहिली होती. तो ४ डिसेंबरला आला. मधल्या दिवसांत फाउंड्रीवाल्याचे २ लाख १२ हजार ठरल्याप्रमाणे २९ तारखेला गेले, ते कॅश क्रेडिटमधून. त्या आठवड्याचं व्याज हजार रुपयांच्या आतच राहिलं. दोन आठवडे उशिराचा प्रश्न आम्ही विचारला नसता, तर त्या दिवशी फाउंड्रीवाल्यासमोर उभं राहायला तोंड नसतं, आणि पुढच्या जादा ऑर्डरला त्याने उधारीवर माल दिला असता की नाही, शंकाच आहे.

त्या वही-बैठकीनंतर त्याने आणखी एक गोष्ट केली. पुण्याच्या कंपनीला दर महिन्याच्या २० तारखेच्या आसपास पाठवायचा माल तो आता महिन्याच्या सुरुवातीलाच पाठवतो. माल आत घेतल्याची नोंद लवकर झाली, तर ४५ दिवस पुढच्या २५ तारखेच्या आत पूर्ण होतात आणि काही बिलांचे पैसे पूर्ण एक महिना आधी येतात. यात खर्च काहीच नाही. पण कंपनी दिवस कुठून मोजते आणि पैसे कधी सोडते हे शोधून काढल्याशिवाय ते सुचलं नसतं.

आपल्यातल्या कित्येकांच्या घरी दुकान आहे, कुणाची फॅब्रिकेशनची शेड आहे, कुणाचं केटरिंग आहे. आकडे वेगळे असतील, पण मांडणी हीच. वहीचं एक पान घ्या, तेरा ओळी आखा, खरी शिल्लक वर लिहा. प्रत्येक येण्यापुढे गिऱ्हाइकाच्या सवयीची तारीख लिहा आणि प्रत्येक देण्यापुढे ते हलतं की नाही याची खूण करा. मग सगळ्यात मोठं येणं दोन ओळी खाली सरकवून पुन्हा बेरीज करा. सगळ्यात खालचा आकडा दिसेल. तो उणे असेल, तर तो कुठल्या शनिवारचा आहे ते बघा, आणि त्याच्या आधीच्या किती शनिवारांत तुम्हाला काही करता येईल ते मोजा.

२०२३च्या भाऊबीजेला मी त्या मुलाच्या घरी गेलो होतो. टेबलावर दोन घरचे फराळाचे डबे होते. दुसरा कुणाचा, ते मी विचारलं नाही.